रिफंड रखडलाय: आधी बँकेत चार्जबॅक की ग्राहक तक्रार?

अवंती
20 जानेवारी 2025 ला क्रेडिट कार्डवर कॅमेऱ्याची लेन्स मागवली. फोकसच होत नव्हता, म्हणून विक्रेत्याच्या परवानगीनेच परत पाठवली. 3 मार्चला त्यांना पोहोचली, कुरियरवर त्यांची सही आहे. 12 मार्चला त्यांचा मेल आला, "रिफंड प्रोसेस झाला आहे." आज 6 मे, खात्यात काहीही नाही. विक्रेता म्हणतो बँकेला विचारा, बँक म्हणते आमच्याकडे काही आलेलंच नाही. माझं मत, सरळ चार्जबॅक टाकावा, म्हणजे कार्ड देणाऱ्या बँकेमार्फतच विक्रेत्याकडून पैसे परत खेचावेत. नवरा म्हणतो, ग्राहक तक्रार हा योग्य मार्ग, बँकेला मध्ये ओढू नये. तुम्हाला काय वाटतं?

रोहन
चार्जबॅकच, आणि लगेच. मुदत 120 दिवसांची असते. 20 जानेवारीपासून मोजलं तर 20 मे ला संपते, म्हणजे हातात दोनच आठवडे आहेत. बँकेच्या फॉर्मवर "हा व्यवहार मी केलेला नाही" हा पर्याय असतो, तो निवडा. त्याला पुरावे लागत नाहीत आणि काम पटकन होतं.

माधव
रोहन, घाईचा सल्ला बरोबर आहे, पण बाकीचा अवंतींना गोत्यात आणेल. मी बरीच वर्षं बँकेत कार्ड वादांच्या टेबलावर काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"मी व्यवहार केला नाही" हे खोटं आहे. खरेदी त्यांनीच केली, माल त्यांनीच परत पाठवला, मेलही त्यांच्याच नावावर आहेत. तो पर्याय निवडला की बँक कार्ड बंद करते आणि प्रकरण फसवणुकीच्या खात्यात जातं. विक्रेता तुमच्या सहीची डिलिव्हरी आणि तुमचेच मेल पुढे करतो आणि केस तिथेच पडते. नंतर खरं कारण सांगायला गेलात तर तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? तुमच्या केसचं कारण स्वच्छ आहे: परतावा कबूल केला आणि दिला नाही. व्हिसाच्या यादीत त्याला 13.6 हा क्रमांक आहे. मास्टरकार्डवर असे वाद 4853 खाली जातात.

मुदतीबद्दल. 120 दिवस हे खरं, पण ते नेहमी खरेदीच्या तारखेपासून मोजत नाहीत. माल आलाच नसेल तर तो येणं अपेक्षित होतं त्या दिवसापासून मोजतात, आणि व्यवहारापासून 540 दिवसांची बाहेरची मर्यादा असते. कबूल केलेल्या परताव्यात, विक्रेत्याने लिहून दिलेल्या तारखेला महत्त्व असतं. तुमच्याकडे 12 मार्चचा मेल आहे, त्यावरून 10 जुलैपर्यंत येतं. तरीही मी 20 मे हीच तारीख धरून चालेन, कारण काउंटरवरचा माणूस बहुतेक वेळा खरेदीचीच तारीख पाहतो आणि काही बँकांची स्वतःची मुदत आणखी आधीची असते.

पण फॉर्म भरायच्या आधी एक काम करा. विक्रेत्याकडून त्या रिफंडचा एआरएन मागा. हा प्रत्येक कार्ड व्यवहाराला मिळणारा 23 अंकी ओळखीचा आकडा असतो. विक्रेत्याच्या बँकेतून रिफंड खरोखर निघाला असेल तर तो त्यांच्या पोर्टलवर दिसतोच. पैसा कुठे अडकलाय हे कळल्याशिवाय कोणाविरुद्ध तक्रार करायची हेच ठरत नाही.

सुलभा
माधवराव, तुमचं सगळं बँकेच्या खिडकीतून चाललंय. मी ग्राहक संघटनेत स्वयंसेवक आहे आणि माझं मत अवंतींच्या यजमानांच्या बाजूने आहे.

चार्जबॅक हा व्हिसा, मास्टरकार्डसारख्या कार्ड नेटवर्कचा अंतर्गत नियम आहे, कोणाच्या हक्काचा निकाल नाही. बँक तात्पुरते पैसे जमा करते, विक्रेता कागद दाखवतो, बँक ते परत काढून घेते. अशा केसेस आमच्याकडे येतात तेव्हा लोक रडकुंडीला आलेले असतात, कारण त्यांनी ते पैसे आपलेच समजून खर्च केलेले असतात. शिवाय मिळाले तरी फक्त व्यवहाराएवढे. कुरियरचा खर्च, मनस्ताप, व्याज, काहीही नाही. आणि दोन महिने खोटं उत्तर देणारा विक्रेता उद्या दुसऱ्याला तेच उत्तर देईल, त्याची कुठे नोंदच होणार नाही.

माधव
नोंद होते, सुलभाताई. विक्रेत्याच्या बँकेकडे त्याच्या चार्जबॅकचं प्रमाण मोजलं जातं. ते वाढलं की दंड लागतो, नाहीतर कार्ड घेण्याची सोयच बंद होते. बाहेर दिसत नाही एवढंच. नुकसानभरपाईबाबत मात्र तुमचं म्हणणं मान्य.

प्रज्ञा
माझंही असंच झालंय! मी बँक ट्रान्सफरने पैसे पाठवले होते, एका फर्निचरवाल्याला. टेबल आलंच नाही. बँक म्हणते चार्जबॅक होत नाही. मी पण एआरएन मागू का?

माधव
प्रज्ञा, ट्रान्सफरला कार्डाचे नियम लागू होत नाहीत, त्यामुळे तो आकडाही नसतो आणि चार्जबॅकही नाही. तुमच्या केसला सुलभाताईंचाच रस्ता आहे. फसवणूक वाटत असेल तर बँकेला आणि पोलिसांना आत्ताच कळवा, कारण तिथे उशीर झाला की पैसे पुढे निघून जातात.

इरफान
विक्रेत्याच्या बाजूने बोलतो, माझा छोटा ऑनलाइन व्यवसाय आहे. चार्जबॅक आला की केस जिंकलो तरी बहुतेक वेळा शुल्क माझ्याच माथी बसतं. कित्येकदा रिफंड आम्ही खरोखर पाठवलेला असतो, तो वाटेत असताना ग्राहक चार्जबॅक टाकतो आणि पैसे दोनदा जातात. मग ते परत मागायचे तर ग्राहक फोन उचलत नाही. म्हणून आधी लेखी मुदत द्या ही माझी विनंती. "या तारखेपर्यंत एआरएन द्या, नाहीतर बँकेकडे जाईन." प्रामाणिक विक्रेता त्याच दिवशी आकडा पाठवेल, तो आमच्या स्क्रीनवर समोरच असतो.

सुलभा
हे पटलं. आणि नेटवर्कच्या नियमांनुसारही आधी विक्रेत्याशी सोडवण्याचा प्रयत्न केला हे दाखवावं लागतं ना?

माधव
हो. माल परत केल्यावर व्हिसा 15 दिवस थांबायलाही सांगतं. अवंतींचे ते कधीच उलटले.

अवंती
मेल टाकला, दोन दिवसांची मुदत दिली. आज 8 मे, उत्तर आलं. 23 अंकी आकडा दिलाय आणि वर लिहिलंय, "हा घ्या पुरावा, आता बँकेशी बोला." बँकेत दिला तर म्हणाले, हा व्यवहार सापडतोय, पण तो रिफंड नाही. मला काहीच कळेना.

माधव
पूर्ण आकडा इथे टाकू नका. फक्त डावीकडून आठवा ते अकरावा, एवढे चार अंक सांगा.

अवंती
5021.

माधव
मग गोष्ट उघड आहे. त्या चार अंकांत तारीख असते. पहिला अंक वर्षाचा शेवटचा आकडा, पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस ते सांगतात. 5021 म्हणजे 2025 मधला एकविसावा दिवस, 21 जानेवारी. तुमची खरेदी 20 ची, दुसऱ्या दिवशी प्रोसेस झाली. त्यांनी रिफंडचा म्हणून तुमच्या मूळ खरेदीचाच आकडा पाठवलाय. 12 मार्चला रिफंड निघाला असता तर तिथे 5071 असतं, किंवा एखाद-दोन दिवस पुढचं.

मुद्दाम केलं की कोणीतरी चुकीच्या ओळीतून उचललं, ते मला इथून सांगता येणार नाही. पण रिफंड निघाल्याचा पुरावा त्यांच्याकडे नाही, हे तुम्हाला आता त्यांच्याच कागदावरून दाखवता येतं. उलट तिथे 5071 असतं तर तुमच्या बँकेने तो आकडा घेऊन पैसा शोधून द्यायला हवा होता. बँकेने टाळाटाळ केली असती तर तक्रार विक्रेत्याविरुद्ध नव्हे, बँकेविरुद्ध बँकिंग लोकपालाकडे गेली असती.

इरफान
मला वाईट वाटलं हे वाचून. अवंतीताई, आता थांबू नका.

रोहन
तारखेचं हे मला माहीत नव्हतं. मी जुन्या स्टेटमेंटवर ताडून पाहिलं, जुळतंय.

सुलभा
मीही भूमिका थोडी बदलते. पैसे परत मिळवायला चार्जबॅक आत्ताच टाका. पण ग्राहक तक्रार सोडू नका, आणि ती कुठे करताय ते नीट पाहा. काही यंत्रणा तक्रार फक्त नोंदवतात किंवा विक्रेत्याकडे पुढे पाठवतात. अमेरिकेतलं फेडरल ट्रेड कमिशन तर एकेकट्या ग्राहकाची केस सोडवतच नाही, तक्रारींवरून मोठी कारवाई ठरवतं. आदेश देण्याचा अधिकार असलेलं मंच किंवा न्यायाधिकरण वेगळं असतं. लोक पहिल्या ठिकाणी अर्ज करून महिनोन्महिने निकालाची वाट पाहतात आणि दुसऱ्या ठिकाणची मुदत निघून जाते.

माधव
दोन्ही एकाच वेळी चालवायला माझा विरोध आहे. मंचाने रक्कम देण्याचा आदेश दिला आणि चार्जबॅकचेही पैसे आले, तर इरफान म्हणतात तोच दुहेरी घोळ होतो. काही बँका, प्रकरण दुसरीकडे चालू आहे म्हणून फाइल बाजूला ठेवतात.

सुलभा
अर्जात पहिल्याच परिच्छेदात लिहायचं की मूळ रकमेसाठी चार्जबॅक टाकला आहे, ती मिळाली तर मागणी फक्त कुरियर खर्च आणि भरपाईपुरती राहील. लपवलं नाही तर घोळ कशाला होईल? चार्जबॅक संपेपर्यंत थांबायचं म्हटलं तर विक्रेता आक्षेप घेईल, मग पुढची फेरी, मग नेटवर्ककडे लवाद. त्यात किती महिने जातील याची हमी तुम्ही द्याल?

माधव
हमी नाही देत. पण एकाच वेळी दोन्ही चालवल्याने बिघडलेल्या फाइली मी पाहिल्यात, त्यामुळे माझं मत तेच आहे.

अवंती
आज चार्जबॅक टाकला. कारण "कबूल केलेला परतावा मिळाला नाही" असंच निवडलं. कुरियरची सही, 12 मार्चचा मेल, त्यांनी पाठवलेला आकडा आणि बँकेचं "हा रिफंड नाही" हे लेखी उत्तर जोडलं. तासाभरात विक्रेत्याचा फोन! म्हणतात, वाद मागे घ्या, उद्याच पैसे टाकतो, नाहीतर त्याच रकमेचं स्टोअर क्रेडिट घ्या. नवरा म्हणतोय मागे घेऊ या, मिटवू.

इरफान
मागे घेऊ नका. एकदा काढला की त्याच व्यवहारावर पुन्हा टाकता येईलच असं नाही, आणि हे आम्हा विक्रेत्यांना चांगलं ठाऊक असतं. खरंच द्यायचे असतील तर वादाला आक्षेप न घेता सोडून देणं त्यांच्याच हातात आहे, पैसे आपोआप तुमच्याकडे येतील.

माधव
आणि स्टोअर क्रेडिट स्वीकारलंत तर तेच परताव्याचा पुरावा म्हणून बँकेला दाखवतील. फोनवर काही कबूल करू नका. "जे द्यायचं ते मेलवर लिहा" एवढंच सांगा आणि आलेला मेल फाइलला जोडा.

सुलभा
आजचा फोन किती वाजता आला, कोण बोललं, नेमके शब्द काय होते, हे आत्ताच लिहून ठेवा. मंचापुढे जायचं ठरवलंत तर ते कामाला येईल.