मदत हवी आहे: मेमोत एकाच बदलाच्या दोन तारखा

मी अंबडच्या एका कारखान्यात एचआरला आहे. हेड ऑफिसचा फेररचनेचा सहा पानी मेमो आलाय, त्याचा अर्ध्या पानात सारांश डिस्पॅचच्या पोरांसाठी काढायचाय. रिपोर्टिंग स्टोअर्सकडून पुण्याच्या लॉजिस्टिक्स प्रमुखाकडे जातंय, ते पहिल्या पानावर ‘तत्काळ’ आणि परिशिष्टात 1 जुलैपासून! सुपरवायझरचं पदनाम बदललंय, पण कामात बदल काय, ते कुठेच नाही.

मी ‘आधी कोण, आता कोण, कधीपासून’ असा तक्ता केलाय. तारखेच्या रकान्यात ‘खुलासा मागवला’ लिहून पाठवू, की उत्तर येईपर्यंत थांबू? तोवर रजा मंजूर कोण करणार, हे पोरं आत्ताच विचारतायत.