यादीचं वाक्य करताना: ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम, की गडबड दुसरीकडेच?

कोथरूडकरीण: सोसायटीच्या सभेचं इतिवृत्त लिहितेय. विषयपत्रिकेवर हे होतं:

- पाण्याची टाकी धुणे
- लिफ्टची दुरुस्ती
- पार्किंगचे पट्टे आखायचे आहेत
- गणपतीचा मांडव आणि रोषणाई

सेक्रेटरींना सगळं एका वाक्यात हवंय. मी लिहिलं: ‘पाण्याची टाकी धुणे, लिफ्टची दुरुस्ती, पार्किंगचे पट्टे आखायचे आहेत, आणि गणपतीचा मांडव आणि रोषणाईवर चर्चा झाली.’ वाचताना अडखळायला होतं. स्वल्पविराम चुकलाय का?

नारायणपेठी: ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम कधीच येत नाही. तो काढा, झालं काम.

जुना प्रूफवाला: इथला काढाच, पण अडखळताय ते त्याच्यामुळे नाही. ‘आखायचे आहेत’ म्हणताच वाक्य तिथेच संपतं, मग पुढचं लोंबत राहतं. सगळ्या मुद्द्यांना आधी नामाचं रूप द्या: सफाई, दुरुस्ती, आखणी. दुसरं, तुमचा ‘वर’ एकट्या रोषणाईला चिकटलाय. तो प्रत्येकाला लावा, नाहीतर शेवटी ‘या विषयांवर’ म्हणून सगळ्यांची मोट बांधा. मांडव-रोषणाई हा एकच विषय असेल तर त्या जोडीत ‘व’ घाला आणि शेवटच्या मुद्द्याआधी ‘आणि’ ठेवा, म्हणजे जोडी कुठली आणि यादीचा शेवट कुठला ते कळतं:

‘सभेत पाण्याच्या टाकीची सफाई, लिफ्टची दुरुस्ती, पार्किंगच्या पट्ट्यांची आखणी आणि गणपतीचा मांडव व रोषणाई या विषयांवर चर्चा झाली.’

आणि नारायणपेठी, ‘कधीच’ नाही हो. ‘लिफ्ट, जी महिनाभर बंद आहे, आणि टाकी यांवर चर्चा झाली’ यातला ‘आणि’आधीचा स्वल्पविराम काढून बघा. तो यादीचा नाहीच, मध्ये घातलेलं वाक्य बंद करणारा आहे.

हडपसरचे काका: आमच्याकडे मुलीच्या पत्रिकेवर ‘आणि’च्या आधी मोठ्या मामांचं नाव आलं, नंतर धाकट्यांचं. धाकटे रुसले. शेवटचं नाव कमी मानाचं असतं का?

जुना प्रूफवाला: काका, ते व्याकरणात बसत नाही. दोघांना एका ओळीत ‘श्री.’ लावून उभं करा.

कोथरूडकरीण: वाक्य सरळ झालं, आभार. पुढच्या ओळीचं सांगा. ‘टाकीची सफाई, लिफ्टची दुरुस्ती आणि मांडव मंजूर झाला’ की ‘झाले’?

जुना प्रूफवाला: शेवटच्या नामाकडे बघून ‘झाला’ लिहितात. मला मात्र तो एकट्या मांडवाचा वाटतो, सफाई-दुरुस्ती वाऱ्यावर. मी ‘यांना मंजुरी मिळाली’ असं लिहितो, म्हणजे क्रियापद मंजुरीमागे जातं.

नारायणपेठी: ही पळवाट झाली. मंजूर तीन गोष्टी झाल्या, मग ‘झाले’ का नको?

जुना प्रूफवाला: दोन स्त्रीलिंगी, एक पुल्लिंगी. तुमचं ‘झाले’ नक्की कोणाचं, मांडवांचं का?