एलडीएलचा आकडा बहुतेकदा मोजलेला नसतो

> एकूण कोलेस्टेरॉल २२०, एचडीएल ३८, ट्रायग्लिसराइड ३५०, एलडीएल ११२. एलडीएल तर फार नाही, मग डॉक्टर गंभीर का झाले?

कारण एलडीएलचे, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचे, ते ११२ बहुधा गणिताने काढलेले आहेत. बऱ्याच लॅब ट्रायग्लिसराइडला ५ ने भागून व्हीएलडीएल, म्हणजे ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या कणांतले कोलेस्टेरॉल, धरतात, इथे ७०. मग २२० मधून ‘चांगल्या’ एचडीएलचे ३८ आणि हे ७० वजा केले की उरतात ११२. ट्रायग्लिसराइड वाढलेले असले की हा अंदाज ढळतो, एलडीएल खऱ्यापेक्षा कमी दिसू शकते. ४०० च्या पुढे तर हे सूत्र वापरतच नाहीत, एलडीएल थेट मोजून घ्यावे लागते.

म्हणून तुमच्या रिपोर्टवर मी आधी २२० वजा ३८, म्हणजे १८२ पाहीन. हे नॉन-एचडीएल. धमनीच्या भिंतीत साचू शकणारे सगळे कण यात येतात, आणि त्याची मर्यादा एलडीएलच्या मर्यादेपेक्षा साधारण ३० ने जास्त धरतात. म्हणजे १८२ हे एलडीएल १५० च्या आसपास असल्यासारखे आहे.

एचडीएल ३८ कमीच (पुरुषांत ४० च्या खाली, स्त्रियांत ५० च्या खाली). मात्र ते धोक्याची केवळ खूण आहे. नुसते एचडीएल वाढवणाऱ्या औषधांनी हार्ट अटॅक कमी झाल्याचे चाचण्यांत दिसले नाही. चढ्या ट्रायग्लिसराइडसोबत ते उतरलेले असेल, तर साखर आणि थायरॉइड तपासून घ्याच.