मदत हवी आहे: फेसबुकचं ॲड अकाउंट बंद झालंय, प्रोफाइल मात्र व्यवस्थित चालू आहे

वर्गवाली
नमस्कार. माझा घरबसल्या व्यायामाचा ऑनलाइन वर्ग आहे. चौदा महिने जाहिराती नीट चालल्या. काल सकाळी उघडून बघते तर वर लाल पट्टी, "Ad account disabled". कारण काय, तर धोरणाचं उल्लंघन. माझं प्रोफाइल मात्र ठणठणीत आहे, पोस्ट टाकता येतात, मेसेज येतात, पेजही दिसतंय. मी काही गैर केलं असतं तर प्रोफाइलही बंद केलं असतं ना? म्हणजे ही त्यांची चूक आहे. सोमवारी नवी बॅच सुरू होतेय. लवकर कसं उघडेल, कृपया सांगा.

निळीशाई
पासवर्ड बदला आणि सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा. माझ्या बहिणीचं असंच झालं होतं, कोणीतरी आत शिरलं होतं. दोन टप्प्यांचं व्हेरिफिकेशनही चालू करा.

वर्गवाली
अहो, लॉगिन होतंय! लॉगिनचा प्रश्नच नाही. जाहिराती बंद आहेत.

हिशेबनीस
ताई, हे पैशाचं प्रकरण आहे. कार्डाची मुदत संपली असेल किंवा एखादं पेमेंट अडकलं असेल. माझंही असंच बंद झालं होतं. बिलिंगमध्ये जाऊन थकबाकी भरली आणि अर्ध्या तासात चालू. धोरण वगैरे ते सगळ्यांनाच लिहितात.

पडद्यामागे
हिशेबनीस, थकबाकीने बंद झालेलं खातं आणि धोरणामुळे बंद झालेलं खातं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात "अमुक रक्कम भरा" असं स्पष्ट येतं. दुसऱ्यात कितीही भरलंत तरी ते उघडत नाही.

वर्गवाली, तीन गोष्टी सांगा, त्याशिवाय कोणीही बोललं तरी तो अंदाजच.
Business Support Home उघडा. तिथे तुमचं ॲड अकाउंट, पेज आणि तुमचं स्वतःचं नाव अशा वेगवेगळ्या ओळी दिसतील. नेमक्या कुठल्या ओळींवर बंदी लिहिली आहे?
गेल्या दोन महिन्यांत जाहिराती नाकारल्या गेल्या होत्या का? असतील तर त्यांतला मजकूर जसाच्या तसा टाका.
आणि बंद झाल्यानंतर तुम्ही काय काय केलंत?

वर्गवाली
बंद झाल्यावर मी काय करणार? रिव्ह्यूचं बटण दिसतंय, दाबू का?

पडद्यामागे
अजून नको. बऱ्याचदा ती संधी एकदाच मिळते आणि आलेला निर्णय शेवटचा ठरतो. ज्यामुळे बंद झालं ते तसंच ठेवून अर्ज केलात, तर तपासणाऱ्याला तेच दिसणार. आधी प्रश्नांची उत्तरं द्या.

हिशेबनीस
मी तरी म्हणतो, आधी बिलिंग बघा. माझा अनुभव आहे.

पडद्यामागे
वाद घालण्यापेक्षा तपासून घेऊ. ताई, कॉम्प्युटरवर Graph API Explorer हे फेसबुकचं खात्याची माहिती वाचायचं पान उघडा, तुमच्याच लॉगिनने `ads_read` ही परवानगी द्या आणि ही ओळ चालवा. तुमच्या खात्याचा आकडा टाका, फक्त वाचायचं आहे, यात काही बदलत नाही.

```
act_<ACCOUNT_ID>?fields=account_status,disable_reason
```

`account_status` मध्ये 3 आलं तर थकबाकी. 2 आलं तर खातं बंद केलेलं आहे, मग `disable_reason` बघायचं. तिथे 3 म्हणजे पेमेंटची जोखीम, 1 म्हणजे जाहिरात-धोरण.

वर्गवाली
जमलं, भाच्याला बसवलं शेजारी. हे आलं:

```
"account_status": 2,
"disable_reason": 1
```

हिशेबनीस
बरं, मग धोरणच. माझं वेगळं होतं हे मान्य. पण ताई, शेवटच्या बिलानंतर जेवढ्या जाहिराती दाखवल्या गेल्या त्यांचे पैसे तरीही लागतात, खातं बंद असलं तरी. ते राहू देऊ नका.

पडद्यामागे
हे मात्र अगदी बरोबर. ते भरून टाका.

वर्गवाली
भरते. आता उत्तरं. नाकारलेल्या चार जाहिराती होत्या, दीड महिन्यात. मला वाटलं मशीनने अडवल्या, म्हणून तीच जाहिरात कॉपी करून एखादा शब्द बदलून परत टाकायचे. दोनदा पास झाली. मजकूर असा: "तुमचं पोट सुटलंय? आरशासमोर उभं राहायची लाज वाटते? फक्त २१ दिवस द्या." सोबत आमच्या एका विद्यार्थिनीचे आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो, तिच्या परवानगीने. फोटो शंभर टक्के खरे आहेत.

आणि हो, काल दुपारी नवीन ॲड अकाउंट उघडलं होतं. तेही दोन तासांत बंद झालं. आता सपोर्टच्या पानावर माझ्या नावापुढेही "जाहिरात करण्यावर निर्बंध" आलंय. हे आधी नव्हतं.

पडद्यामागे
हेच मी विचारत होतो. आता चित्र स्पष्ट आहे.

प्रोफाइल चालू असणं हा तुमच्या बाजूचा पुरावा नाही. पोस्ट टाकणं, मित्रांशी बोलणं यांना एक नियमावली लागते आणि जाहिरातींना दुसरी, जास्त कडक. म्हणून पोस्टमध्ये चालणारा मजकूर जाहिरातीत चालत नाही. शिवाय ॲड अकाउंट ही एक वस्तू आहे आणि "या व्यक्तीला जाहिरात देता येईल का" ही त्याच प्रोफाइलला जोडलेली वेगळी परवानगी आहे. काल सकाळी फक्त पहिलीवर बंदी होती. तुम्ही नवीन खातं उघडलंत, तेच पेज, तेच कार्ड, तीच वेबसाइट जोडलीत, आणि यंत्रणेने तो बंदी चुकवण्याचा प्रयत्न धरला. म्हणून बंदी खात्यावरून तुमच्या नावावर आली.

मजकुराबद्दल. फोटो खरे आहेत की खोटे हा मुद्दाच नाही. वजन आणि शरीर या विषयात आधी-नंतरचे फोटो मुळात चालत नाहीत. आणि "तुमचं पोट सुटलंय?" यात तुम्ही वाचणाऱ्याला सांगता की तुझ्या शरीराबद्दल आम्हाला माहीत आहे, शिवाय त्याला लाज वाटायला लावता. "पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंसाठी रोज ३० मिनिटांचा व्यायाम" असं लिहिलंत तर वर्गाबद्दल बोलता, वाचणाऱ्याबद्दल नाही. फरक तेवढाच आहे.

वर्गवाली
पण सगळेच असं लिहितात! मला रोज अशा जाहिराती दिसतात.

पडद्यामागे
दिसतात, कारण पकडल्या गेलेल्या तुम्हाला दिसत नाहीत. तुमचीही दोनदा पास झालीच होती.

वाटसरू२
एवढी डोकेफोड कशाला? यजमानांच्या प्रोफाइलवरून खातं उघडा. नाहीतर एजन्सीचं खातं भाड्याने मिळतं, मी सहा महिने तसंच चालवतोय.

पडद्यामागे
कृपया हे करू नका. वेबसाइट आणि पेज तेच राहणार, म्हणजे आज जे तुमच्या नावापुढे आहे ते उद्या त्यांच्या नावापुढे येईल. घरातलं दुसरं प्रोफाइलही हातचं जाईल. भाड्याच्या खात्यात तर मालकी दुसऱ्याची असते. ते बंद झालं की अर्ज करायचा हक्कही तुमच्याकडे नसतो.

वाटसरू२
माझं चालतंय ना पण.

शांतपणे
माझंही आठ महिने चाललं, मग एका रात्रीत गेलं. आत भरलेले पैसे त्या माणसाकडून आजतागायत परत मिळाले नाहीत. ताई, आणखी एक. आता तुम्हाला "तुमचं खातं उघडून देतो" असे मेसेज यायला लागतील, पेजच्या इनबॉक्समध्ये सपोर्ट टीमच्या नावाने. त्यातल्या लिंकवर पासवर्ड टाकू नका.

वर्गवाली
एक आलाय खरंच! "२४ तासांत पेज कायमचं बंद होईल" म्हणून. बरं झालं सांगितलंत.

मातीतला
माझं मत विचाराल तर या जाहिरातींवर धंदा उभा करणंच चूक. ईमेलची यादी करा. मी २०१६ पासून हेच सांगतोय.

निळीशाई
ईमेल आजकाल कोण उघडतं? आणि मला वाटतं, त्यांच्या यंत्रणेला मराठी वाचताच येत नाही, म्हणून उगाच अडकवतात.

शांतपणे
फोटो तर कुठल्याही भाषेत फोटोच असतो. पण मराठीचं म्हणाल तर माझ्या दोन साध्या जाहिराती विनाकारण अडकल्या होत्या आणि अर्ज केल्यावर सुटल्या. त्यामुळे अगदीच खोटं नाही म्हणवत.

पडद्यामागे
वर्गवाली, जाहिरात ज्या पानावर नेते ते पान कसं आहे? पाहणी तिथपर्यंत होते.

वर्गवाली
वर मोठ्या अक्षरांत "२१ दिवसांत ८ किलो हमखास". खाली तेच फोटो. हे पान मी जाहिरात पास झाल्यावर बदललं होतं, आधी साधं होतं.

पडद्यामागे
जाहिरात पास झाल्यावर पान बदलणं हे तर आणखी वाईट दिसतं. आधी ते पान दुरुस्त करा, "हमखास" आणि आकडा दोन्ही काढा. जुन्या नाकारलेल्या जाहिराती पुसत बसू नका, त्याने नोंद जात नाही.

मग स्वतःच्या नावावरच्या निर्बंधाचा अर्ज पहिला करा, कारण तो असताना खातं उघडलं तरी तुम्हाला वापरता येणार नाही. तिथे ओळखपत्र मागतील. प्रोफाइलवरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच आहे ना?

वर्गवाली
प्रोफाइलवर लाडाचं नाव आहे. कॉलेजपासून तेच.

पडद्यामागे
मग आधी नाव बदला, आणि नीट लिहा, कारण एकदा बदललं की ६० दिवस पुन्हा बदलता येत नाही. नंतर अर्ज. चार वाक्यं पुरेत: कुठली जाहिरात चुकली, का चुकली, काय काढलंत, पानात काय बदललंत. "सगळेच लिहितात" हे वाक्य त्यात नको. आणि दुसरं खातं गैरसमजातून उघडलं होतं हे स्वतःहून सांगा. ते त्यांना दिसतंच आहे.

वर्गवाली
पाच दिवसांनी लिहितेय. माझ्या नावावरचा निर्बंध दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उठला. मग जुन्या ॲड अकाउंटसाठी Request review दाबलं, ते अजून "तपासणी चालू" वर आहे. सोमवारची बॅच जाहिरातीविनाच सुरू केली, जुन्या विद्यार्थ्यांना फोन करून अकरा जण जमले. नवीन मजकूर लिहून ठेवलाय, आता त्यात "तुमचं" हा शब्दच नाही. दुसरं खातं, जे मी घाईत उघडलं, त्याचाही अर्ज करावा का?

पडद्यामागे
माझ्या मते नको, ते तसंच पडू द्या आणि पहिल्याचा निकाल येऊ द्या.

शांतपणे
मी उलट सांगेन. माझ्या वेळी दोन्हींचे अर्ज केले होते आणि दुसरं आधी उघडलं.

हिशेबनीस
ताई, ते शेवटचं बिल भरलंत ना?