कंडिशनर, मास्क, लीव्ह-इन सगळं लावूनही केस चिपचिपीत. मदत हवी आहे

वेंधळी: शाम्पूनंतर कंडिशनर, त्यावर मास्क, मग केस टिपून लीव्ह-इन क्रीम. महिना झाला. दुसऱ्याच दिवशी केस डोक्याला चिकटून बसतात, धुतलेच नाहीत असे. यातलं काय बंद करू? लवकर सांगा, सोमवारी मुलाखत आहे.

निवांत: रक्त तपासून घ्या. माझे केस गळत होते तेव्हा हिमोग्लोबिन कमी निघालं होतं.

वेंधळी: गळत नाहीयेत हो.

सईची आई: केस बारीक की जाड? आणि लावतेस कुठून?

वेंधळी: जाड. वेणी मनगटाएवढी होते. लावते मुळापासून, अजून कुठून लावणार?

सईची आई: वेणीवरून केस दाट आहेत एवढंच कळतं. कंगव्यातला एक केस घे आणि चिमटीत फिरव. दोऱ्यासारखा लागतोय का?

वेंधळी: हातात आहे की नाही तेच कळेना!

सईची आई: मग केस बारीक आहेत, फक्त संख्येने खूप. बारीक केसाला थोडंसं वजनही झेपत नाही. कंडिशनरमधले धन प्रभाराचे घटक केसाला चिकटतात आणि केस एकमेकांवरून घसरतात. झिजलेल्या टोकांवर ऋण प्रभार जास्त, म्हणून ते तिथेच जास्त बसतात. मुळाजवळचा केस नवा असतो, शिवाय टाळूचं तेल असतंच. तिथे कशाला लावायचं? कानाच्या खाली लाव, दोन मिनिटांत धू.

कुरळोबा: मास्क मात्र रात्रभर ठेवायचा, तरच आत मुरतो. मी तसंच करतो.

सईची आई: मास्क म्हणजे बहुतेक वेळा घट्ट कंडिशनरच, तेल-बटर जास्त. पाच-दहा मिनिटांत बसायचं ते बसतं. रात्रभर ओला राहिलेला केस फुगतो, ओढला की तुटतो.

कुरळोबा: माझे जाड, कुरळे केस तर छान राहतात. आठवड्याला एक मास्क आणि दर धुण्याला लीव्ह-इन लागतंच.

सईची आई: लागेल की, जाड आणि कोरड्या केसांना ते बरोबरच आहे. हिचे तसे नाहीत. हिला कंडिशनर दर धुण्याला, मास्क पंधरा दिवसांतून एकदा आणि त्या दिवशी कंडिशनर नाही. लीव्ह-इन धुतलं जात नाही, त्यामुळे जास्त झालं तर पुढच्या शाम्पूपर्यंत तसंच राहतं. वाटाण्याएवढं, ओलसर टोकांना, तेही गुंता होत असेल तरच. किती घेतेस?

वेंधळी: तळहातभर 🙈

निवांत: सिलिकॉन असणार त्यात. तेच साचतं.

कुरळोबा: सगळी सिलिकॉन साचत नाहीत. माझ्या क्रीममध्येही आहे.

सईची आई: त्यावर वेगळा धागा काढा. वेंधळी, रविवारी दोनदा शाम्पू कर, टोकांना फक्त कंडिशनर, बाकी काही नको.

वेंधळी: आजच धुतले. मुळं मोकळी झाली, पण टोकं जरा भुरभुरीत वाटतायत. आता लीव्ह-इन लावू का थोडं?

कुरळोबा: लाव.

सईची आई: आधी वाळू दे गं.