‘कटऑफ’ला मराठीत काय म्हणावं? छेद, कोपरा की आणखी काही?

प्रयोगवही:
पदविकेच्या मुलांसाठी इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगपुस्तिका मराठीत लिहिते आहे. फिल्टर, ट्रान्सफर फंक्शन हे शब्द मी तसेच ठेवलेत. अडतं ते ‘कटऑफ फ्रिक्वेन्सी’पाशी. ‘छेदन-वारंवारता’ असं लिहून कच्चा मसुदा चार मुलांना वाचायला दिला. त्या वारंवारतेच्या पुढचं सगळं कापलं जातं, असाच अर्थ चौघांनी घेतला. उदाहरण हे होतं:

```
H(s) = 10000 / (s + 5000)
```

कटऑफ किती आणि २४०० हर्ट्झला क्षीणन किती, असा प्रश्न. एकाने लिहिलं, ‘कटऑफ ५००० हर्ट्झ. २४०० त्याच्या आत आहे, म्हणून क्षीणन शून्य.’ यातली निदान एक चूक माझ्या शब्दाने करवली असं मला वाटतं. दुसरा शब्द सुचवा.

सहकारनगरची_आई:
अकरावीच्या कटऑफबद्दल विचारताय का? आमच्या मुलाचं कॉलेज अर्ध्या टक्क्याने हुकलं. तिथे ‘छेद’ अगदी बरोबर आहे. रेषेच्या आतला आत, बाहेरचा बाहेर, मध्ये काही नाही.

तपकीरगल्ली:
ताई, प्रश्न वेगळा आहे, पण अडचण नेमकी तुमच्या वाक्यात आली. पुण्यातल्या मुलाच्या कानावर ‘कटऑफ’ आधी पडतो तो प्रवेशाच्या यादीतून. पहिल्या घाताच्या फिल्टरला अशी रेषाच नसते. ८०० हर्ट्झला जे होतं ते ७९०लाही जवळपास तेवढंच होत असतं.

प्रयोगवही, त्या मुलाची पहिली चूक शब्दाची नाही, एककाची आहे. छेदातला 5000 हा रेडियन प्रतिसेकंदात आहे. वाचायची पद्धत अशी लिहा: छेदातला सुटा आकडा १ होईल असं वरखाली भागा.

```
H(s) = 2 / (1 + s/5000)
```

आता दोन्ही गोष्टी उघड दिसतात. वरचा 2 म्हणजे अगदी कमी वारंवारतेला सिग्नल दुप्पट होतो. s खालचा 5000 म्हणजे कटऑफ. हर्ट्झसाठी त्याला 2π ने भागा, सुमारे ७९६ येतात. म्हणजे २४०० हर्ट्झ कटऑफच्या आत नाही, जवळजवळ तिप्पट पुढे आहे.

तुमच्या शब्दामुळे आणखी एक घोळ होईल, तो सांगून ठेवतो. गणिताच्या तासाला ‘छेद’ म्हणजे अपूर्णांकातला खालचा भाग. मी वर दोनदा त्याच अर्थाने वापरला. ‘छेदातली छेदन-वारंवारता’ असं वाक्य मुलांपुढे ठेवू नका.

कर्वेनगरचा_जुना:
एवढं कशाला? कटऑफला आउटपुट निम्मं होतं. ‘अर्ध-वारंवारता’ म्हणा, संपला प्रश्न.

तपकीरगल्ली:
निम्मी होते ती शक्ती. व्होल्टेज ०.७०७ पट राहतं. या फिल्टरला १ व्होल्ट दिला तर सुरुवातीला २ व्होल्ट मिळतात आणि ७९६ हर्ट्झला १.४१. व्होल्टेज निम्मं, म्हणजे १ व्होल्ट, व्हायला सुमारे १३७८ हर्ट्झपर्यंत जावं लागतं. प्रयोगशाळेत मुलं ऑसिलोस्कोपवर व्होल्टेजच बघतात. ‘अर्ध’ वाचून ती निम्म्या उंचीशी थांबतील आणि कटऑफ १३७८ नोंदवतील. पडताळा हवा असेल तर दोन्ही लहरी एकत्र लावून बघायला सांगा, कटऑफला आउटपुटची लहर ४५ अंशांनी मागे पडलेली दिसते.

कर्वेनगरचा_जुना:
मान्य. आमच्या वेळी ‘अर्धशक्ती बिंदू’ म्हणायचे, त्यातली ‘शक्ती’ माझ्याकडून गळली.

भोसरी_वजनकाटा:
माझा अनुभव सांगतो. कारखान्यातल्या लोडसेलच्या सिग्नलवर ५० हर्ट्झची गुणगुण बसली होती, आकडा ५० ग्रॅमने वरखाली नाचायचा. मी एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर लावून ५ हर्ट्झचा फिल्टर केला. मनात हेच होतं की ५च्या पुढचं कापलं जाईल आणि ५० तर कुठच्या कुठे. पण आकडा नाचतच राहिला, फक्त ५ ग्रॅमने. मला वाटलं कपॅसिटर खराब निघाला. दोनदा बदलला.

तपकीरगल्ली:
कपॅसिटर चांगलाच होता. ५० म्हणजे कटऑफच्या दहापट, तिथे असा फिल्टर सिग्नल दहाव्या हिश्शावर आणतो, २० डेसिबल. पन्नासाचे पाच झाले, हिशेब बरोबर आला. कटऑफ आणखी खाली, अर्ध्या हर्ट्झवर नेलात तर शंभरावा हिस्सा राहील, पण वजन ठेवल्यावर आकडा स्थिरावायला दीडेक सेकंद लागेल. ५ हर्ट्झला तेच काम ०.१५ सेकंदात होतं.

भोसरी_वजनकाटा:
दीड सेकंद जमणार नाही, खोकी पट्ट्यावरून चालत्यातच तोलली जातात. पण दोन कपॅसिटर उगाच फेकले ते या ‘कट’ शब्दापायी, हे आज कळलं.

शब्दवेडी:
मला ‘कोपरा’ हा शब्द पटतो. आलेखावर दोन सरळ रेषा काढतात ना, एक आडवी आणि एक उतरती? त्या जिथे मिळतात तो कोपरा. ‘कोपरा-वारंवारता’ वाचून कोणी काही कापलं असं समजणार नाही, उतार लागला इतकंच समजेल.

तपकीरगल्ली:
चांगला आहे. एक मर्यादा सांगून वापरा: कोपरा कागदावरच्या रेषांना असतो, खरा आलेख तिथे गोलाईने वळतो आणि कोपऱ्याच्या ३ डेसिबल खालून जातो.

प्रयोगवही:
‘कोपरा’ लिहून बघते. आता क्षीणन. माझं उत्तर ४ डेसिबल आलं आणि माझ्या सहकाऱ्याचं १०. दोघंही २४०० हर्ट्झच घेतोय.

तपकीरगल्ली:
दोन्ही आकडे बरोबर आहेत, ‘कशाच्या मानाने’ हे लिहिलेलं नाही. २४०० भागिले ७९६ म्हणजे जवळपास ३. त्याचा वर्ग अधिक १, त्याचं वर्गमूळ, सुमारे ३.१८. इतक्या पटीने सिग्नल खाली आला, तो सपाट भागाच्या मानाने. हे १० डेसिबल झाले. पण सपाट भागातच सिग्नल दुप्पट, म्हणजे ६ डेसिबल वर होता. म्हणून इनपुटच्या मानाने घट ४च. १ व्होल्ट दिलात तर ०.६३ व्होल्ट मिळेल. आणि कोणाचं उत्तर ०.९ डेसिबल आलं तर त्याने २४०० ला ५००० ने भागलंय, 2π विसरून.

शब्दवेडी:
मग दोन शब्दच का ठेवू नयेत? इनपुटच्या मानाने ते ‘क्षीणन’, सपाट भागाच्या मानाने ती ‘घट’.

कर्वेनगरचा_जुना:
मला नाही पटत. मुलं दोन्ही शब्द एकाच अर्थाने वाचतील. त्यापेक्षा प्रत्येक वेळी ‘सपाट भागाच्या तुलनेत’ असं पूर्ण लिहा. आणि ‘उणे १० डेसिबल क्षीणन’ लिहू नका, सर्रास लिहितात. क्षीणन म्हणजे कमी होणंच. उणे १० रुपये तोटा म्हटलं तर १० रुपये नफा झाला. ‘लब्धी उणे १०’ म्हणा किंवा ‘क्षीणन १०’.

प्रयोगवही:
हे माझ्या पुस्तिकेत तीन ठिकाणी आहे, आज रात्रीच दुरुस्त करते. उदाहरणात ‘सपाट भागाच्या तुलनेत’ घालते. ‘घट’चं मात्र ठरत नाहीये, तो शब्द मुलांच्या तोंडी आधीपासून आहे.

शब्दवेडी:
म्हणूनच तो सोडवत नाही मला.