पिवळं आणि काळोखं लग्न: आधी करेक्शन की थेट ग्रेडिंग?

धागाकर्ता: कर्वे रस्त्यावरच्या कार्यालयातलं लग्न आहे. अंतरपाटाचे शॉट फार पिवळे आणि काळोखे आलेत. हॉलमध्ये पिवळे हॅलोजन होते, कॅमेऱ्याचं व्हाइट बॅलन्स ५६०० केल्विनवर. फुटेज ८ बिट, लॉग नाही. रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती वापरतोय. नवरीची अष्टपुत्री साडी मुळात पिवळीच आहे. आधी करेक्शन करून रंग-उजेड सरळ करू की चांगला लट, म्हणजे रंगांचा तयार साचा, टाकून थेट ग्रेडिंग चालेल?

डेक्कन_कट्स: थेट ग्रेड करा. चाकं तीच, गणित तेच, मग दोनदा कशाला फिरवायची? टेम्परेचर निळ्याकडे ओढा, वर लट टाका, झालं. लग्नाच्या बजेटमध्ये एकेका शॉटवर अर्धा तास कोण घालवणार?

नोड_बाई: चाकं तीच, हे खरं. पण लट गृहीत धरतो की पांढरं पांढरं आहे आणि उजेड पुरेसा आहे. तुमच्या शॉटवर तो सावल्या आणखी काळ्या करेल आणि पिवळ्याला केशरी. लॉगसाठी बनवलेला लट असेल तर अजूनच वाईट, कारण तो कॉन्ट्रास्ट दुसऱ्यांदा चढवतो.

धागाकर्ते, तुमच्याकडे अंतरपाट आहे, म्हणजे फ्रेममध्येच पांढरा संदर्भ आहे. कुंकवाचं स्वस्तिक टाळून कोरा भाग बघा. साडीला लागून असलेली कडही नको, तिथे साडीचा पिवळा उजेड पडतो. मुंडावळ्यांच्या मोत्यांवरही पिकर टेकवू नका, ते बहुधा दुधी रंगाचे असतात.

आता आरजीबी परेड उघडा, लाल-हिरवा-निळा वेगवेगळे दाखवणारा आलेख, ० ते १०२३ च्या मोजपट्टीवर. समजा त्या कापडावर लाल ६२०, हिरवा ५२०, निळा ३३० दिसतोय आणि तिन्हींचे तळ मात्र एका रेषेत आहेत. तळ जुळलेत म्हणजे काळं बिघडलेलं नाही, म्हणून ऑफसेटला हात लावायचा नाही. गेनमध्ये तिन्ही वेगवेगळे उचलून साधारण ७२० वर आणा, पिवळेपणा आणि काळोख दोन्ही एकदम कमी होतात. चेहरे तरीही दबलेले वाटले तर गॅमा थोडा वर. लिफ्ट वर केलीत तर काळे कोट राखाडी होतील.

साडी पिवळीच राहू द्या. ऑटो बॅलन्सला अर्धी फ्रेम पिवळी दिसते आणि तो तीही पुसायला जातो. मग चेहरे निळसर पडतात.

सिंहगड_रोड: आधी तुमचा स्क्रीन तपासा. रात्री उबदार रंग करणारी सेटिंग चालू असेल, म्हणून पिवळं दिसतंय.

नोड_बाई: ती सेटिंग बंद ठेवावीच, पण परेड फाइलमधले आकडे मोजते, स्क्रीनचा रंग नाही. निळा ३३० वर असेल तर दोष फुटेजचाच.

डेक्कन_कट्स: आकडे ठीक. पण निळा ३३० वरून ७२० म्हणजे दुपटीहून जास्त. सावल्यांमध्ये निळे ठिपके उसळतील. तुमचं शुद्ध करेक्शन इथेच फसतं. माझ्या गडद ग्रेडमध्ये ते निदान झाकले तरी जातात.

नोड_बाई: हा मुद्दा पक्का आहे. ८ बिटमध्ये तो निळा २५६ पैकी जेमतेम ८२ पायऱ्यांत बसलाय, ताणला की मधे फटी पडणारच. म्हणून निळा ७२० ऐवजी ६४० वर थांबवा. थोडी ऊब राहील, ठिपके कमी होतील. रिझॉल्व्हचं नॉइज रिडक्शन फुकट आवृत्तीत नाही, तेव्हा मागची काळी भिंत विंडोने धरून तिथली सॅच्युरेशन उतरवा, रंगीत ठिपके विझतात. पण गेनचा बॅलन्स पहिल्या नोडमध्ये करा, भिंतीची विंडो त्यानंतरच्या वेगळ्या नोडमध्ये, लट शेवटच्या नोडवर. दोन कॅमेऱ्यांचे शॉट आधी जुळले तर एकच ग्रेड सगळ्यांवर चालतो, आणि तुमचा वेळ तिथे वाचतो.

हडपसर_रील्स: माझं मोबाइलचं फुटेज आहे. एकाच शॉटमध्ये रंग पिवळ्यावरून निळ्यावर सरकतो. हेच आकडे टाकू का?

नोड_बाई: नको दादा. तुमच्याकडे व्हाइट बॅलन्स ऑटोवर आहे, एका आकड्याने भागणार नाही. रंग बदलतो तिथे क्लिप कापा, प्रत्येक तुकडा वेगळा जुळवा आणि मधे छोटा डिझॉल्व्ह टाका. पुढच्या वेळी शूटिंगआधी व्हाइट बॅलन्स लॉक करा.

धागाकर्ता: ६४० वर थांबवून बघितलं, अंतरपाट मऊ पांढरा आला. पण वेक्टरस्कोपवर नवरीचा चेहरा त्वचेच्या रेषेवर येत नाही, पिवळ्याकडेच झुकतो.

नोड_बाई: गालावर हळदीचा रंग उरला असेल तर येणारच नाही, ओढूनताणून आणू नका. मामांचा किंवा भटजींचा चेहरा मोजा. तो रेषेजवळ असेल तर बॅलन्स बरोबर आहे.

डेक्कन_कट्स: इथे मात्र मी ऐकणार नाही. अल्बममध्ये घरच्यांना नवरीचा चेहरा नितळ हवा असतो. मी क्वालिफायरने तेवढी त्वचा धरून पिवळा कमी करतोच.

नोड_बाई: साडी आणि हळदीचा गाल रंगाने इतके जवळ आहेत की क्वालिफायर पदरही धरेल. विंडो ट्रॅक केल्याशिवाय करू नका. आणि हळद पुसायची का, हे घरच्यांना विचारा. मी ठेवते.